सही पाठीमागे, माल पुढे

इंग्लंडमधल्या रॅम्बलर सायकल कंपनीने सिंगापूरच्या एका पेढीला सायकलचे सुटे भाग विकले होते. जहाज सिंगापूरला पोहोचलं, माल धक्क्यावर उतरला. मालाचे कागद मात्र बँकेत अडकून पडले होते, कारण पेढीने पैसे भरलेच नव्हते. पेढीचा माणूस जहाज कंपनीच्या एजंटाकडे गेला आणि त्याने विनंती केली, की कागद मागाहून आणतो, माल आत्ता सोडा. सोबत त्याने सिंगापूरच्या सेझे हाय टाँग बँकेची सही असलेलं हमीपत्रही दिलं. एजंटाने माल सोडला. पेढीने पैसे कधीच भरले नाहीत. इंग्लंडच्या विक्रेत्याच्या हाती राहिले ते फक्त कागद.

हे कागद म्हणजे बिल ऑफ लेडिंग, बंदरावरच्या बोलीत ‘बीएल’. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि 1959 मध्ये लॉर्ड डेनिंग यांनी निकाल दिला. बीएल न बघता माल सोडणारा जहाजमालक ते स्वतःच्या जोखमीवर करतो, असा त्याचा गाभा होता. माल जहाजावरून उतरला की आमची जबाबदारी संपली, असं कलम बीएलवर छापलेलं होतं. पण जहाज कंपनीने जाणूनबुजून भलत्याच माणसाला माल दिला असेल, तर असल्या कलमाचा आडोसा घेता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. कंपनीला भरपाई द्यावी लागली आणि हमीपत्रावर सही करणाऱ्या बँकेला ती कंपनीला भरून द्यावी लागली.

हा माल एका कागदाला एवढा बांधलेला का होता, ते त्या कागदावरच्या एका चौकटीत कळतं. बीएलच्या डाव्या बाजूला वरती तीन चौकटी एकाखाली एक असतात. पहिली शिपरची, म्हणजे माल पाठवणाऱ्याची. दुसरी कन्साईनीची, म्हणजे ज्याला माल द्यायचा त्याची. तिसरी नोटिफाय पार्टीची, म्हणजे जहाज आल्याचं ज्याला कळवायचं त्याची. नवखे लोक तिसऱ्या चौकटीत आपलं नाव पाहून निश्चिंत होतात. त्या नावाला निरोप मिळण्यापलीकडे कोणताही हक्क नसतो. हक्क ठरतो तो मधल्या चौकटीत.

तिथे नुसतं एखाद्या कंपनीचं नाव आणि पत्ता असेल, तर ते स्ट्रेट बीएल. माल त्याच कंपनीला मिळायचा, दुसऱ्या कुणाला नाही, आणि त्या कंपनीला तो कागद पाठीमागे सही करून पुढे विकताही येत नाही. त्याच चौकटीत ‘टू ऑर्डर’, ‘टू ऑर्डर ऑफ शिपर’ किंवा ‘टू द ऑर्डर ऑफ अमुक बँक’ असं लिहिलं, तर ते ऑर्डर बीएल. माल कुणाला द्यायचा हे तेव्हा पक्कं ठरलेलं नसतं. ज्याच्या आदेशावर तो द्यायचा, तो माणूस कागदाच्या पाठीमागे सही करून नंतर ते ठरवतो. ज्यांनी चेकव्यवहार जवळून पाहिला आहे त्यांना हा फरक चटकन कळेल. ‘अकाउंट पेयी’ आणि ‘ऑर्डर’ चेक यांच्यात असतो तोच, फक्त इथे रकमेच्या जागी कंटेनरभर माल असतो.

पाठीमागच्या या सहीलाच एन्डॉर्समेंट म्हणतात. तिच्यात ताकद कुठून आली, याची गोष्ट सायकलींच्या खटल्याहून बरीच जुनी आहे. 1786 साली नेदरलँड्समधल्या मिडलबर्गच्या ट्युरिंग पेढीने धान्य जहाजावर चढवलं. जहाजाचं नाव ‘एन्डेव्हर’, कप्तान होम्स, मुक्काम लिव्हरपूल. ग्राहक होता रॉटरडॅमचा फ्रीमन. होम्सने बीएलच्या चार प्रती सही करून दिल्या. ट्युरिंगने दोन प्रतींच्या पाठीमागे नुसती सही केली, कुणाचंही नाव न लिहिता, आणि त्या फ्रीमनकडे पाठवल्या. एक प्रत स्वतःजवळ ठेवली, एक कप्तानाकडे राहिली. फ्रीमनने आपल्याकडच्या प्रती लिव्हरपूलच्या लिकबॅरो पेढीकडे पाठवल्या आणि त्यांच्यावर पैसे उचलले. मग फ्रीमनचं दिवाळं निघालं.

ट्युरिंगला पैसे मिळालेले नव्हते. त्याने धावपळ करून आपल्याजवळची प्रत लिव्हरपूलमधल्या दुसऱ्या माणसांकडे पाठवली आणि कप्तानाने धान्य त्यांच्या हवाली केलं. लिकबॅरोने दावा ठोकला. माणुसकीच्या नजरेने पाहिलं तर ट्युरिंगची कीव येते. त्याचं धान्य गेलं आणि पैसेही बुडाले. पण बरीच वर्षं चाललेल्या या खटल्यात ज्यूरीने व्यापाऱ्यांची रीत काय आहे ते सांगितलं. ऑर्डर बीएल पाठीमागे सही करून दिलं की मालावरचा हक्क सही घेणाऱ्याकडे जातो, असं व्यापारी मानतात. त्यामुळे प्रामाणिकपणे पैसे देऊन कागद घेतलेल्या लिकबॅरोपुढे ट्युरिंगला आपला माल वाटेत अडवता येत नव्हता. व्यापाऱ्यांची रीत तिथे कायदा झाली. न्यायालयाने ती शोधून काढली नव्हती, व्यापारी ती आधीपासूनच पाळत होते.

ट्युरिंगने केली ती कोरी एन्डॉर्समेंट, म्हणजे नुसती सही-शिक्का. अशा सहीनंतर बीएल ज्याच्या हातात असेल त्याला माल मागता येतो. दुसरा प्रकार नाव घालून करायचा असतो. ‘अमुक बँकेच्या आदेशानुसार माल द्यावा’ असं लिहून खाली सही-शिक्का करायचा. मग त्या बँकेने पुन्हा सही केल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. पहिला प्रकार सोपा असल्यामुळे जास्त वापरला जातो. मात्र कुरिअरचं पाकीट गहाळ झालं तर त्याची धास्ती मोठी असते.

आता सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याचं उदाहरण घेऊ. ते बेतलेलं आहे, पण त्यातल्या पायऱ्या रोजच्या आहेत. त्याने दुबईच्या ग्राहकाला एक वीस फुटी कंटेनर हळद विकली. सौदा असा, की कागद दुबईच्या बँकेत जातील आणि ग्राहक पैसे भरेल तेव्हाच बँक ते सोडेल. कंटेनर न्हावा शेवाहून जहाजावर चढला आणि लाइनच्या एजंटाने तीन मूळ बीएल दिली. सहसा तीनचाच संच असतो. त्यावर छापलेलं असतं, की यातल्या एकावर माल दिला गेला की उरलेली निकामी होतील. म्हणूनच बँक पूर्ण संच मागते. एक प्रत जरी बाहेर फिरत असली, तरी हाती असलेल्या दोन प्रतींचा भरवसा उरत नाही.

कन्साईनीच्या चौकटीत ‘टू ऑर्डर’ असल्यामुळे आदेश द्यायचा हक्क शिपरचा, म्हणजे सांगलीच्या व्यापाऱ्याचा. तो तिन्ही प्रतींच्या पाठीमागे सही-शिक्का करतो आणि इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट वगैरे जोडून सगळं आपल्या बँकेत देतो. ती बँक ते दुबईच्या बँकेला पाठवते. ग्राहक पैसे भरतो, कागद घेतो, आपलीही सही पाठीमागे करतो आणि लाइनच्या दुबईतल्या कचेरीत जातो. तिथला कारकून हळद बघत नाही आणि पैसे कुणी किती दिले हेही विचारत नाही. तो कागद मूळ आहे की नकल, हे तपासतो. पुढे चौकटीत कोण आहे आणि पाठीमागे त्याचीच सही आहे का, तिथून समोर उभ्या असलेल्या माणसापर्यंत सह्यांची साखळी मध्ये न तुटता येते का, हे पाहतो. शिक्क्यावरचं कंपनीचं नाव आणि बीएलवरचं नाव अक्षरशः जुळतं का, तेही बघतो. सगळं जुळलं आणि लाइनचे पैसे चुकते झाले, की मूळ बीएल जमा करून घेऊन डिलिव्हरी ऑर्डर निघते. बंदरातून कंटेनर बाहेर काढायचा तो या डीओवर.

या साखळीत सर्वांत जास्त वेळा हरवणारी कडी म्हणजे पहिली. शिपर स्वतःच सही करायला विसरतो. कागद दुबईला पोहोचतात, पैसे भरले जातात आणि मग खिडकीवर कळतं, की पाठ कोरीच आहे. कागद सांगलीला परत येऊन पुन्हा जाईपर्यंत इकडे बंदराचं भाडं आणि लाइनचं कंटेनरचं भाडं रोज चढत राहतं. फुकटचे दिवस मोजकेच असतात.

चौकटीत ‘टू ऑर्डर’ऐवजी थेट दुबईच्या बँकेचं नाव घातलं, तर ही विसरण्याची भीती संपते, कारण मग सही बँकेची लागते. पण त्यासाठी बँकेला आधी विचारायला हवं. कलेक्शनच्या व्यवहारांसाठी जगभरच्या बँका आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्सचे ‘यूआरसी 522’ हे नियम पाळतात. पूर्वसंमती नसेल तर बँकेच्या नावाने माल पाठवू नये, असं त्यांत स्पष्ट सांगितलं आहे. न विचारता पाठवलेल्या मालाची जबाबदारी घ्यायला बँक बांधलेली नाही.

आणखी एक गोष्ट लोक गृहीत धरतात आणि फसतात. पाठीमागे सही झाली म्हणजे मालकी गेलीच, असं नसतं. बँकेच्या नावे केलेली सही बहुधा तारणापुरती असते. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1884 मध्ये एका प्रकरणात हेच सांगितलं होतं. कर्जाच्या तारणापोटी बीएल घेतलेली बँक मालाची पूर्ण मालक होत नाही, त्यामुळे जहाजाचं भाडं तिच्याकडून वसूल करता येत नाही. खिडकीवरच्या कारकुनाला मात्र या बारकाव्याशी देणंघेणं नसतं. त्याला समोरच्या माणसाला माल सोडता येतो की नाही, एवढंच हवं असतं, आणि ते सहीवरून ठरतं.

सिंगापूरच्या एजंटाने हमीपत्रावर माल सोडला, तो केवळ बेफिकिरीने सोडला असेल असं नाही. त्यामागची अडचण आजही आहे. न्हावा शेवाहून जेबेल अलीला जहाज काही दिवसांत पोहोचतं. कागद मात्र सांगलीची बँक, कुरिअर आणि दुबईची बँक अशा पायऱ्या चढत जातात. माल पोहोचलेला आणि कागद वाटेत, असं वारंवार होतं. तेलाच्या व्यापारात तर एकच माल समुद्रात असताना अनेकदा विकला जातो. तिथे हमीपत्रावर, म्हणजे लेटर ऑफ इन्डेम्निटीवर, माल सोडणं हाच जवळपास रिवाज झाला आहे. बहुतेक वेळा सगळं सुरळीत पार पडतं. बिघडतं तेव्हा जहाज कंपनीची सगळी भिस्त हमी देणाऱ्याच्या ऐपतीवर असते. म्हणूनच लाइन शक्यतो बँकेची सही असलेली आणि मालाच्या किमतीपेक्षा मोठ्या रकमेची हमी मागते.

मग स्ट्रेट बीएल का वापरू नये? माणूस ठरलेला, त्यात पाठीमागच्या सहीची भानगड नाही. पैसे आधीच मिळाले असतील किंवा माल आपल्याच कंपनीच्या परदेशी शाखेला जात असेल, तर ते चांगलंच. उधारीच्या सौद्यात मात्र प्रश्न असा पडतो, की ठरलेला माणूस ओळखपत्र दाखवून माल नेऊ शकतो, का त्यालाही मूळ कागद दाखवावाच लागतो? याचं उत्तर देशागणिक बदलतं आणि तिथेच निर्यातदार गोत्यात येतो.

एका जर्मन विक्रेत्याने हँबर्गहून दक्षिण कोरियातल्या बुसानला मर्सिडीज गाडी पाठवली. बीएल स्ट्रेट होतं आणि त्यावर कोरियन ग्राहकाचं नाव होतं. पूर्ण पैसे आले नव्हते, म्हणून विक्रेत्याने मूळ बीएल स्वतःजवळच ठेवलं. लाइनने बीएल न मागता गाडी ग्राहकाला देऊन टाकली. लाइनचा बचाव असा होता, की कन्साईनी तोच आहे, मग कागद कशाला मागायचा? सिंगापूरच्या अपील न्यायालयाने 2002 मध्ये तो फेटाळला. स्ट्रेट बीएल पुढे विकता येत नाही, एवढाच त्याचा आणि ऑर्डर बीएलचा फरक आहे. मूळ प्रत जमा करायची अट दोन्हींना लागू आहे, असं न्यायालय म्हणालं. विक्रेता वाचला.

इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 2005 मध्ये ‘राफाएला एस’ जहाजाच्या खटल्यात त्याच दिशेने मत दिलं. तो वाद होता डर्बनहून बोस्टनकडे निघालेल्या छपाईयंत्रांच्या नुकसानीचा.

अमेरिकेत मात्र वारं उलटं वाहतं. तिथला बीएलचा संघीय कायदा 1916 पासून आहे. पॉमरीन कायदा म्हणून ओळखला जाणारा हा कायदा स्ट्रेट आणि ऑर्डर यांत स्पष्ट रेघ ओढतो. स्ट्रेट बीएल असेल, तर वाहक नाव लिहिलेल्या कन्साईनीला मूळ कागद न घेताही माल देऊ शकतो. म्हणजे अमेरिकेचा कायदा लागू होत असेल आणि बीएलवर वेगळी अट छापलेली नसेल, तर न्यूयॉर्कच्या ग्राहकाच्या नावे स्ट्रेट बीएल काढून तिन्ही मूळ प्रती तिजोरीत ठेवणाऱ्या निर्यातदाराच्या तिजोरीत फार काही उरत नाही. अमेरिकेला उधारीवर माल पाठवणाऱ्याने मधल्या चौकटीत ‘टू ऑर्डर’च लिहून घ्यावं. सांगली-नाशिकच्या छोट्या निर्यातदाराला हे कुणीतरी पहिल्याच कंटेनरच्या वेळी सांगायला हवं. बहुधा सांगितलं जात नाही.

कागद पोहोचायला वेळ लागतो, यावर धंद्याने स्वतःचा एक तोडगा काढला आहे, ‘सरेंडर’ किंवा ‘टेलेक्स रिलीज’. टेलेक्स यंत्रं कधीच भंगारात गेली, नाव मात्र टिकलं. शिपर मूळ संच न्हावा शेवातच लाइनकडे परत जमा करतो आणि लाइन आपल्या दुबईच्या कचेरीला ईमेलने कळवते, की माल कन्साईनीला कागदाविना द्या. काम तासाभरात होतं. पण संच जमा केला त्या क्षणी शिपरच्या हातातली दोरी सुटते. म्हणून सरेंडर करायचं ते पैसे खात्यात दिसल्यावर. ग्राहकाने पाठवलेला बँकेच्या पावतीचा फोटो म्हणजे खात्यात आलेले पैसे नव्हेत.

छोट्या निर्यातदाराच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. त्याला बीएल पुष्कळदा लाइनकडून नव्हे, तर फॉरवर्डरकडून मिळतं. ते हाउस बीएल. लाइनने फॉरवर्डरला दिलेलं मास्टर बीएल वेगळं असतं आणि त्यात कन्साईनी म्हणून फॉरवर्डरचा परदेशी एजंट असतो. हाउस बीएल ‘टू ऑर्डर’ असो, त्यावरची बँकेची सही चोख असो, लाइन माल देते ती मास्टर बीएलप्रमाणे त्या एजंटाला. तो एजंट प्रामाणिक असेल तर हाउस बीएल हाती आल्याशिवाय माल सोडणार नाही. नसेल, तर निर्यातदाराला दावा लावायचा तो फॉरवर्डरवर, आणि त्या फॉरवर्डरची कचेरी दोन खोल्यांची असू शकते. उधारीच्या मालासाठी लाइनचंच मास्टर बीएल आपल्या नावाने मागणं थोडं खर्चिक पडलं, तरी परवडतं.

उलट दिशेने, म्हणजे माल भारतात येत असताना, परदेशी विक्रेत्यांना इथे एक निराळाच धक्का बसतो. जहाज येण्याआधी लाइन सीमाशुल्क खात्याकडे मालाची यादी दाखल करते, ती आयजीएम. तिच्यात बीएलवरच्या कन्साईनीचं नाव जातं. ग्राहकाने माल नाकारला, तर विक्रेत्याला वाटतं की मूळ बीएल माझ्याकडे आहे, दुसऱ्याला विकतो किंवा परत बोलावतो. पण आयजीएममधलं नाव बदलायला बहुधा जुन्या कन्साईनीचं ना-हरकत पत्र मागितलं जातं. स्ट्रेट बीएलवर भांडण झालेल्या ग्राहकाचंच नाव असेल, तर तो ते पत्र का देईल? भाव पाडून मागायला त्याला तेवढं पुरतं. बीएल बँकेच्या ऑर्डरने असेल, तर बोलणी निदान बँकेशी होतात. इकडे घड्याळ चालूच असतं. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 48 नुसार तीस दिवसांत न सोडवलेला माल आयातदाराला नोटीस देऊन विकता येतो.

भारतात बीएलचा कायदा 1856 सालचा होता, अवघ्या तीन कलमांचा. 2025 मध्ये त्याची जागा नव्या बिल्स ऑफ लेडिंग कायद्याने घेतली. बीएलवर नाव असलेल्या कन्साईनीला आणि ज्याच्या नावे सही होऊन मालकी गेली आहे त्या एन्डॉर्सीला स्वतःच्या नावाने दावा लावता येतो, ही जुनी तरतूद नव्या कायद्यातही आहे. स्ट्रेट बीएलवर माल सोडताना मूळ प्रत घ्यायचीच का, या प्रश्नाचं उत्तर मात्र आजही बरंचसं लाइनच्या छापील अटींत शोधावं लागतं. ‘मूळ बीएल जमा केल्यावरच माल दिला जाईल’ असं वाक्य काही लाइनच्या बीएलवर असतं. काहींवर ते फक्त ऑर्डर बीएलपुरतं असतं. अटींचा टाइप बारीक असतो आणि त्या बहुतेक वेळा मूळ प्रतीवरच पूर्ण छापलेल्या असतात. लाइन मंजुरीसाठी जो मसुदा ईमेलने पाठवते, त्यात सहसा पुढचं पानच येतं. मसुद्यावर ‘ओके’ लिहिण्याआधी अटींचं पान मागवून घेता येतं, आणि कन्साईनीची चौकट बदलायचीही तीच वेळ असते. जहाज सुटून बीएल हाती आल्यावर तोच बदल करायचा तर संच परत द्यावा लागतो, लाइनचा दंड भरावा लागतो आणि तोवर बँकेची मुदतही टळू शकते.